मंजुरीचा तक्ता आणि तीन बिलं

खरेदीच्या मंजुरीचा तक्ता कसा बांधायचा, हा आजचा विषय. पण आधी एका फाउंड्रीतली गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

रात्रपाळीत इंडक्शन फर्नेसच्या कूलिंगचा पंप गेला. फाउंड्रीवाले पुढे बसलेत, त्यांना सांगायला नको: कॉइलचं पाणी थांबलं की भट्टी बंद करावी लागते, आणि आतलं लोखंड गोठलं तर लायनिंगसकट नुकसान. नवा पंप, सुटे भाग आणि बसवणी धरून, अडतीस हजारांचा. मेंटेनन्स प्रमुखांची मर्यादा दहा हजार, प्लँट हेडची पंचवीस. त्यावर थेट एमडी, आणि ते विमानात. मग काय केलं? पंप, सुटे भाग आणि बसवणी अशी एकाच दुकानदाराची, एकाच तारखेची, लागोपाठ नंबरांची तीन बिलं केली. प्रत्येक बिल पंचवीसच्या आत, आणि तिन्हींवर प्लँट हेडची सही! ऑडिटरला ती सापडली आणि नोटीस गेली मेंटेनन्सच्या माणसाला. मला याचा आजही राग येतो. त्या माणसानं भट्टी वाचवली होती. चूक तक्त्याची होती, त्यात बिघाडाची ओळच नव्हती.

ही ओळ अशी लिहा: उत्पादन थांबलं किंवा जिवाला धोका असेल, तर पाळीप्रमुखानं प्लँट हेडला फोन करून पंचाहत्तर हजारांपर्यंत खरेदी करावी आणि लगेच पुढच्या कामाच्या दिवशी कारणासह कागद एमडींच्या मंजुरीला पाठवावा. आकडा तुमच्या यंत्रांवरून ठरवा.

घड्याळ दाखवताहेत, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो.

मर्यादा मनानं ठरवू नका. गेल्या वर्षाच्या सगळ्या ऑर्डरी रकमेनं उतरत्या क्रमानं लावा. मोठा खर्च वरच्या थोड्या ऑर्डरींत असतो, तिथं वरिष्ठांची सही ठेवा. खालच्या ढिगाऱ्यातलं काम विभागप्रमुखाकडं सोडा.

रक्कम करासहित की कराविना, ते तक्त्याच्या डोक्यावर लिहा. साडेचार लाखांवर 18 टक्के जीएसटी धरला की 5.31 लाख होतात, म्हणजे पाच लाखांची मर्यादा ओलांडली. करार असेल तर पूर्ण मुदतीची रक्कम मोजा. महिना साठ हजारांची सिक्युरिटी दोन वर्षांसाठी घेतली तर मंजुरी 14.40 लाखांची लागते. पुढे वाढीव काम निघालं तर ते मूळ रकमेत मिळवा आणि एकूण बेरजेला ज्याची सही लागते त्याच्याकडं जा.

तक्त्यात नाव नको, पद हवं. मागणी करणाऱ्यानं स्वतःच मंजुरी द्यायची नाही. रजेवर असलेल्याचा अधिकार वर किंवा बरोबरीच्याकडं जावा, हाताखालच्याकडं नाही.

आणि दर तिमाहीला एक यादी काढा: तोच पुरवठादार, आठवड्याच्या आतल्या ऑर्डरी, रक्कम मर्यादेच्या जरा खाली. नोटीस काढण्याआधी त्या माणसाला विचारा. तीच वस्तू पुन्हा पुन्हा दिसली तर तिचा वर्षाचा दर करार करून टाका.