'स्थलांतर' हा विषय नाही, तो नुसता पत्ता आहे

मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. बीड जिल्ह्यातली, घरात ऊसतोड बघितलेली. म्हणाली, सर मला स्थलांतरावर पीएचडी करायचीय. मी विचारलं, स्थलांतराचं काय? तर दोन दिवसांनी टायटल घेऊन आली, 'ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम'. आता हे ऐकायला चांगलं वाटतं, आपल्याकडे निम्म्या थिसिसची नावं अशीच असतात, पण हा 'परिणाम' शब्द फार महागात पडतो. कारण परिणाम म्हटला की तुलना आली, आणि जी कुटुंबं कोयता घेऊन जातात ती मुळातच कमी जमिनीची, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असलेली, मग मूल शाळेतून गळलं ते स्थलांतरामुळे की गरिबीमुळे, हे कसं वेगळं काढणार? न जाणाऱ्या घरांशी तुलना केली तरी ती घरं मुळातच वेगळी असतात.

मी तिला म्हटलं, टायटल बाजूला ठेव, तुला स्वतःला नक्की काय खटकलंय ते सांग. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, आमच्या शेजारी धाकट्याला आजीजवळ ठेवलं आणि थोरलीला सोबत नेलं, असं का?

सापडला की प्रश्न! घर एकच, गरिबी तीच, उचल तीच, तरी एक मूल गावात राहतं, एक कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर जातं. तुलना घरातच मिळाली. गावात हंगामी वसतिगृह असूनही कोणाला मागे ठेवायचं हे घरात कसं ठरतं, एवढंच विचारायचं. उत्तर काहीही निघू शकतं, कोपीवर तान्हं सांभाळायला मुलगी लागते म्हणून ती जाते, किंवा उलट, वयात आलेली मुलगी तिथे उघड्यावर नको म्हणून तिलाच मागे ठेवतात. दोन्ही उत्तरं खरी वाटतात ना, म्हणजे प्रश्न जिवंत आहे. उत्तर आधीच माहीत असेल तर फिल्डवर जाऊन तुम्ही फक्त होकार गोळा करता.

मग कॅलेंडर. यावर कोणी बोलत नाही, पण चांगले विषय इथेच अडकतात. डिसेंबरात गावात गेलात तर आजी-आजोबा आणि मागे राहिलेली मुलं भेटतील, निर्णय घेणारे आईबाप कुठल्यातरी कारखान्याच्या फडात असतील. ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलनंतर परततात. म्हणून तिने दोन फेऱ्या ठरवल्या, हिवाळ्यात म्हातारी माणसं आणि शाळेचा हजेरीपट, मे महिन्यात आईबाप, आणि आईशी वेगळं बोलायचं, कारण नवऱ्यासमोर ती 'ह्यांनी ठरवलं' एवढंच म्हणते.

गावं दोनच घेतली, घरं चाळीसच्या आसपास. यातून अख्ख्या बीडबद्दल बोलता येणार नाही, आणि तसं तिने सिनॉप्सिसमध्ये पहिल्याच पानावर लिहिलंय.