कच्च्या नोंदींना हात लावायचा नाही : प्रबंधाचा सामायिक फोल्डर

(नागपुरात पीएच.डी.च्या नव्या संशोधकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, प्रबंधाच्या सामायिक फोल्डरची मांडणी कशी ठेवायची हे सांगणारं माझं पत्र तुम्हा सर्वांना मिळालंय. काहींनी ते वाचून लगेच विचारलं, "सर, फोल्डरची नावंसुद्धा तुम्हीच ठरवणार का?" हो, ठरवणार. फोल्डर सामायिक आहे. तुमच्या काटोलच्या विहिरींचा डेटा उद्या नरखेडवर काम करणारीला लागेल, आणि तेव्हा तुम्ही क्षेत्रावर असाल, फोनला रेंज नसेल. म्हणून मांडणी सगळ्यांची एकच ठेवायची. पत्रात दिली आहे ती अशी:

```
prabandh/
  README.txt
  00_kachcha/
  10_saaf/
  20_code/
  30_akrutya/
  40_prakarane/
  90_dakhal/
```

आकडे दहा-दहाच्या अंतराने आहेत, म्हणजे मध्ये काही घालावंसं वाटलं तर जागा राहते. नावं मराठी पण रोमन लिपीत का, हेही विचारलं गेलं. आपल्याच 'वऱ्हाड' शब्दातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं असतात. मग समोर दिसणारी फाइल प्रोग्रामला सापडत नाही. प्रबंध देवनागरीत लिहा, फाइलचं नाव रोमनमध्ये ठेवा. तारीख लिहायची ती वर्ष आधी, `2026-05-18` अशी, म्हणजे नावांच्या क्रमाने लावलं की काळाचा क्रम आपोआप लागतो.

बाकीच्या फोल्डरांबद्दल फार बोलत नाही. `40_prakarane` मध्ये काय ठेवायचं ते कुणाला सांगावं लागत नाही. मला बोलायचंय ते `00_kachcha` बद्दल. पत्रातला नियम एका ओळीचा आहे: इथली फाइल आली तशीच राहील, कुणीही ती उघडून सेव्ह करणार नाही. नुसतं पाहायला उघडली आणि सेव्ह केली तर काय बिघडतं, ते एका उदाहरणात बघू.

समजा, तुम्ही संत्रापट्ट्यातल्या विहिरींमधलं नायट्रेट मोजताय. एकूण 12 मंडळं घेतली. प्रत्येक मंडळात गावाच्या चार दिशांना पाच-पाच विहिरी, म्हणजे 240 विहिरी. क्रमांक असे दिले: मंडळाचा आकडा, दिशेचं इंग्रजी अक्षर, विहिरीचा आकडा. `7N2` म्हणजे सातव्या मंडळातली उत्तरेची दुसरी विहीर. पद्धत सुटसुटीत आहे, क्षेत्रावर बाटलीवर मार्करने लिहायलाही सोपी. एका फाइलमध्ये विहिरीचं ठिकाण आणि खोली, दुसरीत प्रयोगशाळेने दिलेलं नायट्रेट. दोन्ही `.csv`.

आता ठिकाणांची फाइल कुणीतरी डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. उत्तर, दक्षिण, पश्चिम ठीक आहेत. पण पूर्वेचं अक्षर E. `7E2` हे एक्सेलला विहिरीचं नाव वाटत नाही. 7 गुणिले 10 चा वर्ग, म्हणजे 700, असं वाटतं. ते `7.00E+02` दाखवतं, आणि सेव्ह केलं की `.csv` मध्ये जे दिसतं तेच लिहिलं जातं. पूर्वेच्या 60 विहिरींची नावं गेली.

पुढे विहिरीच्या क्रमांकावरून दोन्ही फाइली जोडल्या. एका फाइलमध्ये `7E2`, दुसरीत `7.00E+02`, जुळणार कसं? जुळलेल्याच ओळी ठेवणारी जोडणी केली की 240 ऐवजी 180 ओळी उरतात, आणि प्रोग्राम कसलीच तक्रार करत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याच्या वर किती विहिरी, हे तुम्ही 180 मधून मोजता. नकाशात प्रत्येक गावाची पूर्वेकडची बाजू रिकामी दिसते, आणि त्याला एखादं भूशास्त्रीय कारण शोधण्याचा मोह होतो. मोह वाईटच, कारण बेसाल्टबद्दल चार वाक्यं लिहायला आपल्याकडे कुणालाही अडचण नाही.

ही झाली त्यातल्या त्यात बरी चूक. दोन्ही फाइली एक्सेलमधून गेल्या असतील तर? मग नावं दोन्हीकडे सारखीच बिघडतात आणि जुळतातही. पण पहिल्या मंडळातली `1E4` म्हणजे दहा हजार, आणि दहाव्या मंडळातली `10E3` म्हणजेही दहा हजार. दोन्ही `1.00E+04` होतात. आपल्या 240 मध्ये अशा चार जोड्या आहेत. प्रत्येक जोडीच्या दोन ओळी समोरच्या दोन ओळींशी जुळून चार होतात, आणि एकूण ओळी भरतात 248. नकाशा भरलेला दिसतो. फक्त पहिल्या मंडळाचं नायट्रेट दहाव्याच्या माथी बसलेलं असतं. बिघडलेल्या क्रमांकाकडे बघून मूळ विहीर कोणती हे कळायला मार्ग नाही. कच्ची फाइल शाबूत असेल तरच सुटका.

म्हणून जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायच्या. 240 च्या 180 झाल्या तरी थांबायचं, 248 झाल्या तरी थांबायचं. हा आकडा `README.txt` मध्ये लिहून ठेवा: किती विहिरी, कोणत्या तारखेला, क्रमांक कसे दिले. क्रमांक देतानाच E टाळलात, `7_PU_2` असं काही केलंत, तर उत्तमच. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे रूपांतर बंद करता येतं, पण ते तुमच्या संगणकावर. गाइडच्या संगणकावर ते चालूच असेल.

प्रयोगशाळेची फाइल आली की त्या तारखेचा फोल्डर करायचा, त्यात ठेवायची, आणि लगेच हे चालवायचं:

```
sha256sum *.csv > SHA256.txt
chmod a-w *.csv
```

पहिल्या ओळीने प्रत्येक फाइलचा ठसा नोंदला जातो. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो. पुढे केव्हाही `sha256sum -c SHA256.txt` म्हटलं की कोणती फाइल बदलली ते कळतं. दुसरी ओळ लिहिण्याची परवानगी काढून घेते. अर्थात ज्याची फाइल आहे तो ती परत देऊ शकतो, आणि प्रत काढून खेळायला कुणालाच बंदी नाही. कुलूप चुकून हात लागू नये एवढ्यासाठी आहे, ठसा तरीही लागलाच तर कळावं म्हणून. आणि दोन्हींनी बॅकअपची गरज भागत नाही. सिंक होणाऱ्या फोल्डरमधून फाइल उडाली की ती सगळ्यांच्याच संगणकावरून उडते, म्हणून कच्च्या नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, कपाटात.

दुरुस्ती करायची तर ती `20_code` मधल्या प्रोग्रामने करायची आणि निकाल `10_saaf` मध्ये टाकायचा. प्रयोगशाळेने 4.5 च्या जागी 45 टाइप केलंय हे तुम्हाला पक्कं ठाऊक असलं, तरी कच्च्या फाइलमध्ये बदलू नका. प्रोग्राममध्ये एक ओळ लिहा आणि शेजारी कारण लिहा: प्रयोगशाळेशी बोललो, अमुक तारखेला. तोंडी परीक्षेत हा आकडा कुठून आला असं विचारलं, तर ती ओळ दाखवता येते. आकृतीचं आणि ती काढणाऱ्या प्रोग्रामचं नाव एकच ठेवा. `p3_a2_nitrate.png` असेल तर `p3_a2_nitrate.py` असलंच पाहिजे. `10_saaf` आणि `30_akrutya` पूर्ण पुसून प्रोग्राम पुन्हा चालवला की सगळं परत तयार झालं पाहिजे. नाही झालं, तर मध्ये कुठेतरी कुणाचा तरी हात फिरलाय.

`90_dakhal` शेवटी लागतो. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत शोधगंगेवर जाते आणि तिथे प्रकरणं सुट्या पीडीएफमध्ये असतात, `01_title.pdf` पासून. तेव्हा आधीच प्रकरणवार ठेवलंत तर शेवटच्या आठवड्यात चारशे पानं कापत बसावं लागणार नाही.

ज्यांच्याकडे उन्हाळ्याच्या नोंदी आधीच आल्यात त्यांनी प्रयोगशाळेच्या ईमेलमधली मूळ जोडफाइल पुन्हा उतरवून घ्या. डेस्कटॉपवरची नको, ती कितीदा उघडली गेलीय कुणास ठाऊक. शुक्रवारपर्यंत ठसा नोंदवून मला दाखवा. लिहिण्याची परवानगी मी त्यानंतर काढतो.