३ किलो म्हणजे किती?

(कोथरूडमध्ये एका फिजिओथेरपिस्टने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज मी व्यायाम दाखवणार नाही, एक मेसेज वाचून दाखवणार आहे. सिंहगड रोडला राहणारी माझी एक पेशंट, वय ४६. कमरेतली गादी सरकली, पायात कळा जायला लागल्या, शेवटी नसेवर दाबणारा तुकडा ऑपरेशन करून काढावा लागला. घरी आल्यावर तिनं घरच्यांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘डॉक्टरांनी जड उचलू नका म्हटलंय, जरा सांभाळून घ्या.’ सगळ्यांनी हात जोडले, ‘काळजी घे’ म्हटलं. मदतीला कोणी आलं नाही.

यात नातेवाइकांना मी फारसा दोष देत नाही. सासूबाईंच्या लेखी जड म्हणजे भरलेला सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस आणि वर साधारण तेवढंच लोखंड, म्हणजे जवळपास ३० किलो. तो तिनं उचलावा असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण सर्जननी तिला पहिल्या ६ आठवड्यांसाठी घातलेली मर्यादा ३ किलोची होती. (हा तिचा आकडा, तुमचा तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.) आता ३ किलो घरात शोधून बघा. अर्धी भरलेली बादली ८-१० किलोची. ५ लिटरचा कुकर वरणभात लावून गॅसवर चढवला की मर्यादा संपली. वॉशिंग मशीनमधले ओले कपडे एकदम काढले तरी संपली.

आणि वजन तेच असलं तरी ते अंगापासून किती लांब आहे, यावर खेळ ठरतो. पाठीचे स्नायू मणक्याच्या मधल्या भागापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर असतात. ३ किलोचा डबा तुम्ही हात लांब करून, अर्ध्या मीटरवर धरलात, तर त्याला तोलायला त्या स्नायूंना दहापट, म्हणजे ३० किलोची ओढ घ्यावी लागते. वाकलात तर तुमच्याच धडाचं वजन त्यात आणखी. ही सगळी ओढ गादीवर दाबून बसते. म्हणून पोटाशी धरलेला डबा चालतो, आणि ओट्याखालच्या कप्प्यातून ओढून काढलेला तोच डबा चालत नाही. सकाळी तर जास्तच जपायचं. रात्रभर आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून फुगलेली असते, उठल्यानंतरच्या तासाभरात वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. आणि हिच्याकडे नळाला पाणी यायचं सकाळी साडेसहाला!

दुसरा घोळ जाऊबाईंनी केला. ‘रोज संध्याकाळी फिरायला जाते की, मग बादली उचलायला काय होतं?’ बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटणार. पण चालणं हे तिचं औषध होतं, दिवसभर पडून राहिली असती तर स्नायू आणखी ढिले पडले असते. हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही दोघींनी बसून नवा मेसेज लिहिला.

‘दादा, वहिनी, ताई, १५ तारखेपर्यंत मला ३ किलोच्या वर काही उचलायचं नाही, वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही. दुधाच्या दोन पिशव्या चालतील, पाण्याची बादली नाही. मी चालताना दिसेन, ते डॉक्टरांनीच सांगितलंय. सलग अर्ध्या तासाच्या वर बसता येत नाही, म्हणून गप्पांमधून उठले तर राग मानू नका. दादा, सकाळी साडेसहाला पिंप भरून देशील का? वहिनी, मंगळवारी आणि शनिवारी मंडईतून भाजी. ताई, रविवारी गहू गिरणीतून. ज्याला जमणार नाही त्यानं आत्ताच सांगा, मी बाई लावीन. आणि पाय लुळा पडला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर विचारत बसू नका, मला तडक हॉस्पिटलात न्या.’

शेवटचं वाक्य लिहायला ती लाजत होती. मी हट्टानं घालायला लावलं. ही लक्षणं क्वचित दिसतात, पण दिसली तर तासांचा हिशोब असतो.

‘बाई लावीन’ यावर मात्र माझा विरोध होता, टोमण्यासारखं वाटतं म्हणून. माझं चुकलं. नेमक्या त्या ओळीनंच वहिनींचा फोन आला.

रविवारी ताई आल्या, १० किलो पीठ घेऊन. चौथ्या मजल्यावर चढल्या, दमल्या, पिठाचा डबा दाराशी जमिनीवर ठेवला, चहा घेतला आणि गेल्या. संध्याकाळी पोळ्यांना पीठ काढायचं, तर डबा खाली! हिनं गुडघे टेकून, छोट्या वाटीनं, चार खेपांत परातीत पीठ काढलं. मग ग्रुपवर एक ओळ आली, ‘आणलेली वस्तू ओट्यावर ठेवा, जमिनीवर नको.’ हिला वाटलं आता ताई रुसणार. ताईंनी उलट विचारलं, ‘ओट्यावर डाव्या बाजूला ठेवू की उजव्या?’