जूनची रेघ

फलकावरच्या कागदावर एक रेघ दिसतेय बघा. जानेवारीत वर, आणि जूनला पार तळाशी. सहा महिन्यांचं दूध संकलन. सभासद ती बघून म्हणाले, डेअरी बुडाली. मग सचिवांनी सगळ्यांना एक पत्र लिहिलं, आणि पहिल्याच ओळीत स्वतःची चूक कबूल केली.

चूक अशी की ग्राफची डावीकडची पट्टी शून्यापासून नाही, 20,000 लिटरपासून सुरू केलेली. जानेवारीचं दूध 24,800, जूनचं 20,400, म्हणजे जून खाली टेकल्यासारखाच दिसणार ना. फेब्रुवारीतला खड्डा तर निव्वळ कॅलेंडरचा. दिवस 28 म्हणून बेरीज 22,400, पण दिवसाला भागा, जानेवारीतही 800 आणि फेब्रुवारीतही 800 लिटरच. जूनला मात्र दिवसाला 680. ही घट खरी आहे, असं सचिव स्पष्ट लिहितात.

पण 120 लिटर सगळे यंदाचेच गेले का? तर नाही. उन्हाळ्यात जनावर कमी खातं, हिरवा चारा नसतो, बरीच जनावरं आटलेली असतात, त्यामुळे गेल्या वर्षीही जानेवारीच्या 800 वरून जूनला 720 झालं होतंच. म्हणजे जूनची तुलना जूनशी केली की यंदाचा फरक उरतो रोजचा 40 लिटर.

आता हे 40 शोधायला सचिव रजिस्टर घेऊन बसले. गेल्या जूनला दूध घालणारे 120, यंदा 100. जे 20 थांबले ते छोटे सभासद, एक-दोन जनावरंवाले, मिळून रोज 60 लिटर घालायचे. उरलेल्या शंभरांनी उलट 20 लिटर वाढवलंय, म्हणून बेरजेत 40 दिसतात. आणि गंमत म्हणजे माणशी सरासरी 6 वरून 6.8 वर गेलीय, नुसती तीच छापली असती तर सगळं छान चाललंय असं वाटलं असतं!

मग त्या 20 जणांच्या शेवटच्या महिन्याच्या नोंदी. आठ जणांचं दूध हळूहळू उतरलं, 3, मग 2, मग एक लिटर, मग बंद. ही जनावरं आटली, व्याली की परत येतील. बारा जणांचं मात्र काल पूर्ण माप आणि आज शून्य. जनावर एका रात्रीत असं आटत नाही, फार तर आजारी पडून दूध तुटतं, पण सहसा एक तर ते विकलंय किंवा दूध दुसरीकडे जातंय. यातलं नेमकं काय, ते रजिस्टर सांगत नाही.

म्हणून पत्राच्या शेवटी सचिव लिहितात, नवीन ग्राफ रोजच्या सरासरीचा काढतो, शून्यापासून, गेल्या वर्षीची रेघ तुटक. आणि त्या बारा जणांच्या घरी या आठवड्यात संध्याकाळचं संकलन आटपलं की मी स्वतः जाऊन येतो.