भीतीचा मुक्काम किती दिवसांचा?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीलाच थोडी आकडेमोड करू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. समजा, एका निर्देशांकाचे ३० दिवसांनी संपणारे ऑप्शन ४० टक्के आयव्हीला मिळताहेत आणि ९० दिवसांनी संपणारे ३० टक्क्यांना. आयव्ही, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, ही ऑप्शनच्या बाजारभावावरून उलट गणित करून काढलेली अस्थिरता. इथल्या बहुतेकांना ती माहीत आहे. वेगवेगळ्या मुदतींची आयव्ही एका रेषेवर मांडली की जो वक्र दिसतो, ती तिची टर्म स्ट्रक्चर. एरवी हा वक्र हलका चढता असतो. बाजार शांत असताना पुढच्या आठवड्यात काही घडेल असं कुणाला फारसं वाटत नाही, पण तीन महिन्यांत काय होईल ते कुणी सांगावं? तेवढी लांबची जोखीम अंगावर घेणारा थोडं जास्त मागतोच. आपल्या उदाहरणात मात्र जवळची मुदत महाग आणि लांबची स्वस्त आहे. वक्र उलटला आहे.

यावर बहुतेक जण म्हणतात, ‘बाजार घाबरला.’ बरोबर आहे, पण ते कळायला वक्राची गरज नव्हती, ४० हा आकडा पुरेसा होता. वक्रातून जास्तीचं जे कळतं ते वेगळं आहे. ९० दिवसांच्या ऑप्शनमध्ये पहिले ३० दिवसही आलेच. मग त्या ३० टक्क्यांतून पहिल्या महिन्याचा वाटा वजा केला, तर उरलेल्या दोन महिन्यांसाठी बाजार किती अस्थिरता धरून चालला आहे?

इथे एक चूक सर्रास होते. टक्के थेट वजा करता येत नाहीत. बेरीज-वजाबाकी व्हेरियन्सची होते, म्हणजे आयव्हीच्या वर्गाला दिवसांनी गुणून येणाऱ्या संख्येची. ४० चा वर्ग १६००, गुणिले ३०, झाले ४८,०००. ३० चा वर्ग ९००, गुणिले ९०, झाले ८१,०००. फरक ३३,०००. तो उरलेल्या ६० दिवसांत वाटला की ५५० येतात, आणि ५५० चं वर्गमूळ साधारण २३.५. याला फॉरवर्ड व्होलॅटिलिटी म्हणतात. म्हणजे हा वक्र सांगतो आहे, की हा महिना ४० चा आणि त्यानंतरचे दोन महिने २३.५ चे. भीती आहे, पण तिला मुदत घातलेली आहे.

याच गणितातून वक्र किती उलटू शकतो याची मर्यादाही मिळते. तीन महिन्यांचा एकूण व्हेरियन्स ८१,००० असेल, तर पहिल्या महिन्याचा त्याहून जास्त असू शकत नाही, नाहीतर उरलेल्या दोन महिन्यांचा व्हेरियन्स ऋण येईल आणि ते अशक्य आहे. ८१,००० ला ३० ने भागून वर्गमूळ काढलं की ५२ च्या जरा खाली येतं. ९० दिवसांची आयव्ही ३० असताना ३० दिवसांची ५५ दिसली, तर आधी आपला डेटा तपासावा. बहुतेक वेळा एखादा शिळा भाव सापडतो.

आता मुद्दा असा, की उलटलेला प्रत्येक वक्र भीतीचा नसतो. कधी कधी ते नुसतं कॅलेंडर असतं. एखाद्या कंपनीचा निकाल किंवा मध्यवर्ती बँकेची बैठक घ्या. तारीख सगळ्यांना माहीत आहे आणि त्या दिवशी भाव उसळणार किंवा आपटणार हेही माहीत आहे. धरा, एरवी हा शेअर दिवसाला १ टक्का हलतो. वर्षात व्यवहाराचे दिवस सुमारे २५२ आणि त्याचं वर्गमूळ १६ च्या आसपास, म्हणून दिवसाचा १ टक्का म्हणजे वार्षिक १६ टक्के. निकालाच्या एका दिवशी ४ टक्क्यांची हालचाल अपेक्षित आहे. पाच दिवसांच्या ऑप्शनमध्ये चार साधे दिवस आणि एक निकालाचा: चार एकं चार आणि ४ चा वर्ग १६, एकूण २०. दिवसाची सरासरी ४, वर्गमूळ २, म्हणजे वार्षिक ३२. वीस दिवसांच्या ऑप्शनमध्ये तोच १६ चा ढेकूळ एकोणीस साध्या दिवसांत विरघळतो आणि आयव्ही २१ च्या आसपास येते. साठ दिवसांत ती १८ वर उतरते.

३२, २१, १८. हा वक्र चांगलाच उलटा आहे, पण यात कुणीही घाबरलेलं नाही. तो एक दिवस काढून टाकला की उरलेला वक्र १६ वर सपाट.

ओळखायचं कसं? निकालाच्या आधी संपणारी एखादी एक्स्पायरी असेल तर ती बघा. ती १६ लाच असेल आणि तिच्या पुढची एकदम ३२ ला. भीतीचा वक्र असा पायरी पाडत नाही. भीतीत सर्वांत जवळची मुदत सर्वांत महाग असते आणि तिथून वक्र घसरगुंडीसारखा उतरतो, कारण धक्का बसून गेलेला असतो आणि त्याचे हादरे हळूहळू ओसरतील असं बाजार धरून चालतो. दुसरी खूण दिवस पुढे सरकतात तशी दिसते. घटनेची तारीख जवळ येते तशी तिला ओलांडणाऱ्या जवळच्या ऑप्शनची आयव्ही चढत जाते, कारण ढेकूळ तेवढाच राहतो आणि त्याच्याभोवतीचे साधे दिवस कमी होतात. घटना झाली की दुसऱ्या सकाळी सगळं उतरतं. निकालाआधी कॉल घेऊन भाव वर गेला तरी पैसे गमावल्याची तक्रार नवे लोक करतात, ती इथली. मीही ती फी एकदा भरली आहे.

आता एक खरा प्रसंग घेऊ, ५ ऑगस्ट २०२४ चा. ३१ जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवला, २ ऑगस्टला अमेरिकेतील रोजगाराचे आकडे कमकुवत आले, आणि स्वस्त येन उसना घेऊन जगभर गुंतवणाऱ्यांची पळापळ सुरू झाली. सोमवारी निक्केई १२ टक्क्यांहून जास्त कोसळला. एस अँड पी ५०० च्या ऑप्शनवरून काढला जाणारा व्हिक्स, जो जवळपास ३० दिवसांची आयव्ही दाखवतो, शुक्रवारी २३ च्या वर बंद झाला होता. सोमवारी अमेरिकी बाजार उघडण्याआधी तो ६५ च्या पलीकडे गेला. २००८ आणि २०२० ची आठवण व्हावी असा आकडा.

पण त्या दिवशी एस अँड पी साधारण ३ टक्केच पडला आणि व्हिक्स ३८.५७ वर बंद झाला. मधले सव्वीस-सत्तावीस अंक गेले कुठे? व्हिक्स काढताना ऑप्शनच्या खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य धरतात. त्या भावाला सौदा झालाच पाहिजे अशी अट नाही. पहाटेच्या विरळ बाजारात विक्रेत्यांनी बाजारभावापासून लांबच्या स्ट्राइकच्या पुट ऑप्शनचे भाव वाट्टेल तेवढे वर नेऊन ठेवले. खरेदी-विक्रीतलं अंतर पसरलं की मध्यही वर सरकतो आणि त्याबरोबर व्हिक्स. व्हिक्सचे फ्युचर्स मात्र तितके धावले नाहीत. म्हणून अशा सकाळी वक्राच्या जवळच्या टोकाला व्हिक्सचा आकडा लावून ‘वक्र इतका उलटला’ असं म्हणणं धोक्याचं. बाजारभावाजवळच्या स्ट्राइकचे, ज्यांत खरोखर सौदे होताहेत असे ऑप्शन घ्यावेत आणि त्यांचीच आयव्ही सर्व मुदतींना लावावी. भीती खरी होती, पण आकड्यात दिसली त्याच्या निम्मी असावी.

आणि तिला मुदत घातलेली होती, तीही खरी ठरली. दोन आठवड्यांच्या आत व्हिक्स १५ च्या खाली बंद झाला.

असं दर वेळी होत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली, त्यानंतर वक्र उलटला आणि उलटाच राहिला. २७ ऑक्टोबरला व्हिक्स ८० च्या वर बंद झाला. लांबच्या मुदती त्याच्या खाली होत्या, म्हणजे बाजार म्हणत होता की हे निवळेल. २० नोव्हेंबरला तो पुन्हा ८० च्या वर, ८०.८६ वर. फॉरवर्ड व्होलॅटिलिटीत बाजाराची आजची किंमत असते, आणि त्यात जोखमीचा अधिभारही मिसळलेला असतो. ते भाकीत नव्हे.

इथे अनेक जण एक सोपं मोजमाप वापरतात: जवळची आयव्ही भागिले लांबची. एकाच्या वर गेलं की उलटा, जितकं जास्त तितकी भीती मोठी. आपल्या पहिल्या उदाहरणात ४० भागिले ३०, म्हणजे १.३३. आता दुसरी स्थिती बघा. जवळची ६०, लांबची ५०, गुणोत्तर १.२. हे बघून कुणी म्हणेल, वक्र कमी उलटा आहे, म्हणजे परिस्थिती सौम्य आहे. फॉरवर्ड काढा. ३६०० गुणिले ३० म्हणजे १,०८,०००. २५०० गुणिले ९० म्हणजे २,२५,०००. फरक १,१७,०००, भागिले ६० म्हणजे १९५०, वर्गमूळ ४४. पहिल्या स्थितीत महिन्यानंतरचा काळ २३.५ चा होता, इथे तो ४४ चा आहे. गुणोत्तर कमी झालं ते भीती ओसरली म्हणून नव्हे, ती पुढच्या महिन्यांतही पसरली म्हणून.

मघाशी मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘उलटा वक्र सरळ झाला की संकट संपलं, असं धरून खरेदी करावी का?’ आधी तो कोणत्या बाजूने सरळ झाला ते बघा, ताई. जवळचं टोक खाली येऊन सरळ झाला, जसं ऑगस्ट २०२४ मध्ये, तर धक्का ओसरतो आहे. लांबचं टोक वर चढून सरळ झाला, तर बाजाराने मुक्काम वाढवून दिला आहे. आणि जवळचं टोक खाली आलं तरी भाव तळाला पोचले असं होत नाही. २० नोव्हेंबर २००८ ला, व्हिक्सच्या त्या शिखरावर, एस अँड पी ७५२ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ ला व्हिक्स ५० च्या आसपास उतरला होता आणि एस अँड पी होता ६७६ वर.