चटणीतले तेल आणि चौथे वजन

मंडळी, आज एकच नमुना घेऊ: लाल तिखट आणि लसूण घातलेली, कांडलेली शेंगदाण्याची चटणी. पाकिटावर स्निग्धांश किती टक्के छापायचा, असा प्रश्न आहे. तो आपण सॉक्सलेट उपकरणात तेल द्रावकात उतरवून मोजू.

फ्रान्झ फॉन सॉक्सलेटने 1879 साली हे काचेचे उपकरण मांडले ते दुधातल्या स्निग्धांशासाठी. खाली फ्लास्कमध्ये द्रावक उकळते, वाफ वर कंडेन्सरमध्ये थंड होते आणि थेंब थेंब नमुन्यावर पडते. द्रावक सायफनच्या वाकणापर्यंत चढले की सगळे एका दमात खाली ओतले जाते. तेल फ्लास्कमध्येच राहते आणि वर पुन्हा शुद्ध द्रावक जाते. म्हणून थोड्या द्रावकात नमुना कित्येकदा धुऊन निघतो.

द्रावक कोणते? डायएथिल इथर तेल छान ओढते, पण हवेतले पाणीही घेते, आणि त्या पाण्याबरोबर थोडी साखरही उतरते. शिवाय ते साठवणीत पेरॉक्साइड धरते, आणि जुन्या बाटलीतले इथर आटवताना स्फोट होऊ शकतो. मी 40 ते 60 अंशांत उकळणारे पेट्रोलियम इथर घेतो. त्याला पाणी जवळजवळ चालत नाही, हाच त्याचा गुण आणि हीच त्याची अडचण. नमुना ओलसर असेल तर ते आतपर्यंत शिरतच नाही. म्हणून चटणी आधी सुमारे 100 अंशांवर तासभर वाळवा. जास्त वेळ नको. तेलाचे ऑक्सिडीकरण होते आणि तेवढा भाग मग द्रावकात उतरत नाही.

आता थिंबल. ही जाड सेल्युलोजची नळकांडी. नवी असेल तर एकदा रिकामीच द्रावकाने धुऊन काढा आणि बोटांऐवजी चिमट्याने धरा. चटणी मिक्सरमध्ये सलग फिरवली तर तिचा लगदा होतो आणि तेल भांड्याला चिकटते, म्हणजे वजन करण्याआधीच ते हरवले. थोडे थोडे थांबत फिरवा. मग थिंबलमध्ये सैल भरा. ठोकून भरल्यास द्रावक बाजूने वाट काढते आणि गाभा तसाच राहतो. शेवटी थिंबल फोडून मधली चिमूटभर भुकटी कागदावर दाबून पाहा. तेलकट डाग पडला तर काम अर्धेच झाले आहे. भरतानाच भुकटीवर तेल काढलेल्या कापसाचा बोळा ठेवा. नमुना सायफनच्या वाकणाच्या खाली हवा आणि थिंबलची कड त्याच्या वर. नाहीतर भुकटी तरंगून फ्लास्कमध्ये उतरते आणि तळाशी गाळ दिसतो. सांध्यांना ग्रीस लावू नका. तेही विरघळून तुमच्या चटणीच्या नावावर जमा होते!

आमच्या चटणीचे आकडे सांगतो. वाळवण्याआधीचा नमुना 3.0214 ग्रॅम. उकळखड्यांसह रिकामा फ्लास्क 102.4368. तासाला पाच-सहा सायफन पडतील असा ताप ठेवून आठ तास चालवले. मध्ये थांबून नमुना एकदा पुन्हा वाटून घेतला. नंतर वॉटर बाथवर द्रावक उडवले. उघडी ज्योत खोलीत कुठेही नाही, आणि इथरचा वास पूर्ण गेल्याशिवाय फ्लास्क ओव्हनमध्ये नाही.

ओव्हनमध्ये तासभर, मग डेसिकेटरमध्ये थंड, मग वजन: 103.6907. बहुतेक विद्यार्थी इथे वही मिटतात. स्निग्धांश 41.50 टक्के येतो. आम्ही अर्धा तास आणखी ठेवला: 103.6859. म्हणजे जवळजवळ पाच मिलिग्रॅम द्रावक अजून तेलात दडलेले होते. पुढच्या अर्ध्या तासाने 103.6846. आणखी अर्ध्या तासाने 103.6853.

हे चौथे वजन वाढलेले आहे. तराजू बिघडला का? त्याची खात्री करून घ्यावी, पण बहुधा नाही. शेंगदाणा तेलातले असंतृप्त भाग गरम हवेत ऑक्सिजन धरतात, तेल जड होऊ लागते. 'वजन स्थिर होईपर्यंत वाळवा' असे पुस्तकात असते, पण तेलाचे वजन आधी उतरते आणि मग चढते. म्हणून सर्वांत कमी वजन धरायचे: 103.6846. त्यातून रिकामा फ्लास्क वजा केला तर 1.2478 ग्रॅम, म्हणजे 41.30 टक्के. पहिल्या वजनावर थांबलो असतो तर 0.2 टक्के जास्त छापले असते. फ्लास्क पुरेसा थंड न होताच तराजूवर ठेवला, तर मात्र उलट घडते: भोवतीची गरम हवा वर उचलते आणि वजन खोटे कमी दिसते.

फ्लास्कमधले तेल लालसर दिसते ना? तिखटाचा रंग, त्याचा तिखटपणा आणि मेणासारखे काही अंशही त्यात आले. म्हणून अहवालात याला 'क्रूड फॅट' म्हणतात, शुद्ध तेल नव्हे. उलट बिस्किटासारख्या पदार्थात काही स्निग्धांश पीठ आणि प्रथिनांत अडकलेला असतो. थेट सॉक्सलेटने तो कमी येतो. तिथे आधी आम्लात उकळून तो मोकळा करावा लागतो. आमच्या चटणीला ती पायरी घेतली नव्हती.