डोळा डावा, खांदा उजवा

[दृश्य: पहाट. कपाशीच्या शेतांमधून जाणारी पांदण. पत्र्याचं जुनं गोडाऊन. आतून एअर रायफलचा कोरडा ‘टप्प’ आवाज.]

निवेदन:

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरचं हे जिनिंगचं जुनं गोडाऊन. कापसाच्या गाठी इथून केव्हाच गेल्या. आता एका भिंतीला प्लायवूड ठोकलंय, त्यावर टार्गेटची कार्डं, आणि तिथून बरोबर १० मीटरवर चुन्याची एक रेघ. रेघेमागे पोरंपोरी उभी आहेत. सराव सकाळी सहालाच सुरू होतो, कारण नऊनंतर पत्रा तापला की शूटिंगचं जाड जॅकेट अंगावर ठेववत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, आणि त्यानंतर इकडच्या पोरांनाही रायफल हातात घ्यावीशी वाटू लागली. रायफली मात्र मोजक्याच, आणि झाडून सगळ्या उजव्या हाताच्या.

[दृश्य: अकरावीतली एक मुलगी उजव्या खांद्याला रायफल लावून उभी. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर.]

हिच्याकडे जरा नीट बघा. रायफल उजव्या खांद्याला, उजवा डोळा मागच्या साइटच्या बारीक भोकाला. डावा डोळा घट्ट मिटलेला. तो मिटून ठेवण्याच्या नादात गाल वर ओढला गेलाय, ओठाचा कोपरा थरथरतोय. शिवाय मान स्टॉकवर, म्हणजे रायफलीच्या लाकडी दांड्यावर, उजवीकडे कललेली. दहा-पंधरा छऱ्यांनंतर ती रायफल स्टँडवर ठेवते आणि डोळे चोळते.

तिचं कार्डही बोलतं. छरे वर-खाली फारसे गेलेले नाहीत, पण आडवे पसरलेत, एका ओळीत मांडल्यासारखे. वर-खाली पसरले असते तर कोचनी आधी श्वासाकडे बोट दाखवलं असतं. आडव्या पसाऱ्याची कारणं बरीच असतात, आणि गालाचा दाब हे त्यातलं नेहमीचं. मान कलली की प्रत्येक वेळी गाल कमी-जास्त दाबला जातो, आणि तो दाब रायफलीला बाजूला ढकलतो. हे ढकलणं डोळ्यांना दिसत नाही, पण १० मीटरवरच्या कार्डात दोन रिंगांमधलं अंतर अवघं अडीच मिलिमीटर असतं, आणि मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.

कोच तिला डावा डोळा उघडा ठेवून नेम धरायला सांगतात.

मुलगी: “मले दोन-दोन कारडं दिसून राह्यले सर. एक भोकातून दिसते अन् एक बाजूनं.”

कोच: “अन् भोकातलं मधीच गायब होते का?”

मुलगी: “हो ना सर!”

एवढं ऐकल्यावर कोच रायफल बाजूला ठेवायला लावतात.

[दृश्य: मुलगी आणि कोच चार-पाच पावलांवर समोरासमोर. मुलीच्या दोन्ही हातांत वहीचा पुठ्ठा, मध्ये रुपयाएवढं भोक.]

आपण दोन डोळ्यांनी बघतो, पण नेम धरताना मेंदू बहुधा एकाच डोळ्याचं ऐकतो. तो आपला प्रबळ डोळा. तो सगळ्यांचा उजवाच असतो असं नाही. ढोबळमानानं तिघांतल्या एकाचा डावा निघतो, आणि तो माणूस उजव्या हातानं लिहिणारा, उजव्या हातानं जेवणारा असू शकतो. प्रबळ डोळा म्हणजे जास्त तेज नजरेचा डोळा, असंही नाही.

कोच: “दोनी हात सरळ कर. दोनी डोये उघडे. आता भोकातून माह्या नाकाकडं पाह्य.”

ती पुठ्ठा उचलते. कोचना समोरून त्या भोकात तिचा एकच डोळा दिसतो. डावा. आता ती नाक नजरेतून न सोडता पुठ्ठा हळूहळू चेहऱ्याकडे आणते, आणि पुठ्ठा आपोआप डाव्या डोळ्यावर येऊन टेकतो. हात खाली, पुन्हा वर. परत डावाच.

ही चाचणी सोपी दिसते, पण फसवतेही. पुठ्ठा एकाच हातात धरला की तो हात आपल्या बाजूला ओढतो, म्हणून दोन्ही हात हवेत. मान तिरपी असली तर निकाल हलतो. काही पोरं नकळत एक डोळा मिटतात; ते समोर उभ्या माणसालाच कळतं, म्हणून ही चाचणी एकट्यानं करण्यापेक्षा कुणाला तरी समोर उभं करून केलेली बरी. एखाद्याचा पुठ्ठा एकदा उजवीकडे जातो, एकदा डावीकडे. त्याच्या दोन्ही डोळ्यांचा जोर जवळपास सारखा, आणि तो ज्या खांद्यावरून नेम धरतो त्याच खांद्यावर राहिला तरी चालतं.

या मुलीचा मामला मात्र स्वच्छ आहे. हात उजवा, डोळा डावा. उजवा डोळा साइटच्या भोकातून अंधुकसं चित्र बघतो, तर डाव्या डोळ्यासमोर लख्ख उजेडातलं कार्ड. मेंदू डाव्याचं चित्र उचलतो आणि भोकातलं चित्र विझतं. ते परत आणायला ती डावा डोळा मिटते. डोळा मिटला की चेहरा आवळतो, आणि उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी मोठी होते, कारण दोन्ही बाहुल्या मिळून उजेड मोजतात. मान कलते तीही यातूनच, कारण डावा डोळा साइटकडे धाव घेत असतो.

इथं दोन वाटा फुटतात.

पहिली वाट म्हणजे खांदा तोच ठेवून डाव्या डोळ्यापुढे पडदा लावायचा. याला ब्लाइंडर म्हणतात. तो काळा नको, दुधी हवा. दह्याच्या पांढऱ्या डब्याचं झाकण कापलं तरी काम भागतं. उजेड आत येतो, चित्र येत नाही, आणि डोळा मिटावा लागत नाही. स्पर्धेत डोळ्यासमोरच्या या पट्टीची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तेव्हा कापतानाच मोजपट्टी हाताशी असू द्या. जो कैक वर्षं उजव्या खांद्यावरून खेळतोय, त्यानं हीच वाट धरावी. त्याचा खांदा बदलणं म्हणजे बसलेली घडी विस्कटणं.

दुसरी वाट खांदाच बदलण्याची. मुलगी नवी आहे, जुन्या सवयी अजून मुरलेल्या नाहीत. रायफलमध्ये हातांना करायचं असतं ते फार नाही, एकानं आधार द्यायचा, दुसऱ्याच्या एका बोटानं ट्रिगर दाबायचा. बोटाला शिकवता येतं, डोळ्याला नाही. कोच खांदा बदलायचं ठरवतात, आणि माझ्या मते बरोबर ठरवतात.

[दृश्य: मुलगी उलटी उभी राहते. आधी रिकाम्या हातांनी, मग रायफल घेऊन.]

खांदा बदलला की पायापासून सगळं उलटतं. आधी तिची डावी कूस टार्गेटकडे होती, आता उजवी. दोन्ही पाय खांद्याएवढ्या अंतरावर, टार्गेटच्या दिशेनं एका रेषेत. उजवं कंबरेचं हाड थोडं टार्गेटकडे सरकलेलं, आणि उजवं कोपर त्या हाडावर टेकलेलं. रायफलीचं वजन पाच किलोच्या आसपास असतं. ते दंडानं तोललं तर दंड भरून येतो, म्हणून ते हाडावरून थेट पायात उतरवायचं.

नंतर मान. डोकं सरळ, नजर समोर. भुवईखालून किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं नाही, त्यानं डोळा लवकर थकतो. चष्मेवाल्याला तर काचेच्या कडेतून चित्र वाकडं दिसतं. कोच तिला डोकं सरळ ठेवून डोळे मिटायला लावतात, रायफल गालाला आणतात आणि म्हणतात, उघड. डोळा साइटच्या भोकाच्या खाली राहिला. ती लगेच मान उचलू लागते.

कोच: “मान नोको हलवू. लाकूड हलव.”

गालाखालचा लाकडी तुकडा, म्हणजे चीकपीस, स्क्रू ढिला करून थोडा वर घेतला जातो. आता डोळा आपसूक भोकासमोर येतो.

अडचण निघते ती पकडीची. ही पकड उजव्या तळव्यासाठी कोरलेली, डाव्या हाताला टोचते. कोच ओळखीतून दोन्ही हातांना चालेल असा जुना सरळ स्टॉक मागवून घेतात. छरा भरायचा लीव्हर उजवीकडेच राहतो, त्यामुळे ती रायफल स्टँडवर टेकवून उजव्या हातानं छरा भरते. एनसीसीच्या पॉइंट टू-टू रायफलचा बोल्टही उजवीकडेच असतो, तिथं डाव्या खांद्याच्या कॅडेटला दरवेळी हात वरून घालावा लागतो.

[दृश्य: रायफल रिकामी. मुलगी डोळे मिटून पवित्रा घेते, दोन-तीन श्वास, मग डोळे उघडते.]

ती डोळे उघडते तेव्हा साइट कार्डाच्या उजवीकडे असते. सगळ्यांनाच मोह होतो, हातानं थोडं डावीकडे ओढायचं. ओढलं तर नेम लागतो, पण ट्रिगर दाबला की रायफल आपल्या जागी, म्हणजे उजवीकडे, परत पळते. म्हणून छरा सुटल्यानंतरही तिला क्षणभर साइटमधून बघत राहायला सांगतात. रायफल कुठं पळाली त्यावरून चूक कळते. दुरुस्ती पायांची. दोन्ही पाय जागेवरच किंचित डावीकडे फिरवायचे, पुन्हा डोळे मिटायचे, पुन्हा बघायचं. साइट आपणहून काळ्या वर्तुळावर येईपर्यंत हेच. मग जमिनीवर खडूनं पावलांची खूण.

पहिले काही आठवडे गुण घसरतात. डावं बोट ट्रिगरला हिसका देतं, म्हणून छऱ्याशिवाय नुसतं दाबण्याचा सराव बराच चालतो. पण चेहरा पहिल्याच दिवशी सैल पडला, दोन्ही डोळे उघडे राहिले, आणि कार्डावरची ती आडवी ओळ हळूहळू गोळा होऊ लागली. एक त्रास नवा आला. गोडाऊनचं दार आता तिच्या उघड्या उजव्या डोळ्याच्या बाजूला पडतं, आणि सात वाजता तिथून ऊन थेट आत येतं. दाराला तुरीच्या पोत्यांचा पडदा बांधला गेला.

[दृश्य: शेजारच्या लेनवर पिस्तूल घेतलेला मुलगा.]

पिस्तूलवाल्याचं काम त्यामानानं सोपं. पिस्तूल एका हातात, लांब. हात उजवा आणि डोळा डावा असला तरी हात बदलावा लागत नाही. छाती टार्गेटकडे जरा जास्त वळवून उभं राहिलं की उजवा हात शरीराच्या मध्याकडे येतो, आणि डोकं थोडं वळवून डावा डोळा साइटमागे बसतो. दोन डोळ्यांत अंतर असतं सुमारे सहा सेंटिमीटर. तेवढं भरून काढायला पायांचा कोन पुरतो. फक्त मनगट आत दुमडून ते भरायचं नाही. मनगट मोडलं की साइटची मागची खाच आणि पुढची पट्टी यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही.

[दृश्य: रांगेत पुढचा मुलगा पुठ्ठा घेऊन उभा. पुठ्ठा डाव्या डोळ्यावर येतो.]

याचाही डावा. पण कोच त्याला उजवा डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला सांगतात, आणि डाव्या डोळ्याला तारखा दिसत नाहीत.

मुलगा: “मंग डावा खांदा लावू का सर?”

कोच: “थांब ना बाप्पा. आधी तालुक्याले जाऊन नंबर काढून आण. चष्मा लागला का पुन्ना पुठ्ठा धरू, मंग खांद्याचं पाहू.”